सिझर लिफ्ट एकाच खांबापाशी ओरडते. सेन्सर गेला की जमीन?

भुसावळचा_वायरमन (धागाकर्ता)

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. धरणगाव रस्त्यावर एका नव्या गोदामात लाइटिंगचं काम घेतलंय. शेड ४० बाय ९० मीटर, ट्रसखाली ९ मीटर. नाशिकहून बॅटरीवरची सिझर लिफ्ट भाड्याने आणली, ३२ फुटी. प्लेटवर वजन २४०० किलोच्या आसपास दिलंय. दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर टेपने मोजलं तर साधारण एक मीटर.

तीन दिवस काम मख्खन चाललं. परवा रात्री पहिला दणकून पाऊस झाला. काल सकाळी डाव्या भिंतीलगत सातव्या खांबापाशी दोन पोरं साडेसात मीटरवर ट्रेमधून केबल ओढत होती, तेवढ्यात मशीन पी-पी करायला लागलं. डिस्प्लेवर LL आलं आणि ड्राइव्ह बंद. वरच्या पोराला वाटलं बॅटरी उतरली, तो जॉयस्टिक रेटतच राहिला. खालचा हेल्पर "उडी मार, उडी मार" ओरडत होता. मी दुकानात. फोन आला तसं म्हटलं, काही हलवू नका, फक्त खाली घ्या. खाली आली नीट.

मधल्या भागात नेऊन वर केली तर गप्प. परत सातव्या खांबापाशी आणली, दोन मीटरवर गेली नाही तोच पुन्हा ओरड. आता मालकाचा सुपरवायझर म्हणतो कल मोजणारा सेन्सर गेलाय, आमचा माणूस वायर जोडून बायपास करून देतो, दोन दिवसांत काम संपवा. भाड्यावाले म्हणतात मेकॅनिक चार दिवसांनी येईल. काय करू?

गॅरेजवाला_पारोळा

भाऊ, आमच्याकडे पण सिझर लिफ्ट आहे, गाड्या धुवायची. एका बाजूला झुकली की समजायचं ऑइल कमी आहे नाहीतर सिलेंडरचं सील गेलंय. ऑइल टाकून बघा, शंभर टक्के तेच असणार.

भुसावळचा_वायरमन

ती रॅम्पवाली नाही दादा. ही चार चाकांची, माणसं वर नेणारी. ऑइल बघितलं, खुणेवर आहे.

यार्डातला

अकरा वर्षं अशाच मशीनच्या यार्डात काढलीत, म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, बायपास करू देऊ नका. राग येईल, पण त्या माणसाला पॅनलचं झाकणसुद्धा उघडू देऊ नका.

दुसरं म्हणजे, तुमच्याच पोस्टमध्ये निम्मं उत्तर आहे. मध्ये गप्प, सातव्या खांबापाशी ओरड, परत नेलं की परत ओरड. खराब सेन्सर जागा बघून खराब होत नाही. तो कुठेही ओरडतो, किंवा कुठेच ओरडत नाही, आणि तो दुसरा प्रकार जास्त वाईट.

तरी खात्री करायची तर अशी करा. मधल्या चांगल्या फरशीवर मशीन पूर्ण खाली असताना एका बाजूच्या दोन्ही चाकांखाली दोन इंची फळी ठेवून त्यावर चढवा. प्लॅटफॉर्मवर कुणी नको. खालच्या कंट्रोलवरून वर घ्या. दोन मीटरच्या आसपास थांबून ओरडली पाहिजे. ओरडली तर सेन्सर शाबूत. मग फळी काढून त्याच जागी वर घ्या, गप्प राहिली पाहिजे. खाली असताना तो बोलतच नाही, वर गेल्यावरच जागा होतो. म्हणून सकाळी मशीन नुसतं चालवून बघितलं तर काही कळत नाही.

या मापाच्या मशीनला आडवा कल साधारण दीड अंशापर्यंत चालतो, लांबीच्या बाजूने तीन. तुमच्या मशीनचा आकडा स्टिकरवर असेल, तोच धरा. चाकांत एक मीटर अंतर म्हणजे दीड अंश म्हणजे एक बाजू २६ मिलिमीटर खाली. तुमच्या बोटाच्या दोन पेरांएवढंही नाही. पण आठ मीटरवर उभ्या पोरांसाठी तेच २१ सेंटिमीटर बाजूला सरकणं आहे.

गवंड्याकडची एक मीटरची पट्टी घ्या, सातव्या खांबापाशी चाकांच्या जागेवर आडवी ठेवा आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालच्या टोकाखाली काय काय घालावं लागतं ते सांगा.

खान्देशी_आप्पा

कायी माटी शे भो ती, तिना भरोसा नही. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की कोपरापर्यंत हात जातो, आणि पाऊस पडला की फुगते. आमच्या वडिलांची बैलगाडी रस्त्याच्या कडेला फसली होती, चार बैल लावून निघाली. वरून काँक्रीट ओतलं म्हणून खालची जमीन बदलत नाही.

सिव्हिलवाली_धुळे

आप्पांनी बरोबर दिशेला बोट दाखवलंय, पण शेडच्या आत बहुतेक वेळा नुसती काळी माती गुन्हेगार नसते. भरावाखालची माती थोडीफार दबते-फुगते, ते सगळीकडे पसरून होतं. एकाच खांबापाशी, एकाच रात्रीत २५ मिलिमीटर म्हणजे तिथे खोदून परत भरलेलं काहीतरी आहे.

वायरमन, तीन गोष्टी बघा. खांबांच्या ओळीला समांतर केबलचा किंवा अर्थिंगचा चर गेलाय का? छताच्या पन्हाळीचे पाइप खाली जोडलेत का, की पाणी अजून खांबाच्या पायथ्याशी धो-धो पडतंय? आणि भिंतीलगत काँक्रीटचा रंग वेगळा असलेली एखादी पट्टी दिसते का?

चर भरताना जेसीबीने मुरूम एकदम ढकलतात. दीड मीटरचा भराव एकाच थरात, वरून एकदा बकेटने ठोकला की झालं काम. पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर, पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर हे कागदावर असतं. उन्हाळ्यात तो सुका मुरूम दगडासारखा वाटतो. पहिलं पाणी शिरलं की बसतो, आणि वरचा साधा काँक्रीटचा थर पोकळीवर पुलासारखा लटकत राहतो. वरून बघणाऱ्याला सपाट फरशीच दिसते.

बिनधास्त_पक्या

एवढं काय घाबरता. या मशीनला खड्डा गार्ड असतात ना. वर गेलं की चाकांच्या मध्ये दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या खाली येतात, फरशीपासून दोन सेंटिमीटरवर. चाक खड्ड्यात गेलं तर पट्टी टेकते, मशीन पडतच नाही. आणि शंका असेल तर खाली असताना त्या ओळीवरून एक चक्कर मारा. फरशी फुटली नाही म्हणजे भार घेते. आम्ही सगळीकडे असंच करतो.

यार्डातला

पक्याभाऊ, पट्ट्यांचं तुमचं अर्धं बरोबर आहे. पट्टी कशासाठी? पक्क्या फरशीत एखादा खड्डा आहे, त्यात एक चाक गेलं, आजूबाजूची फरशी शाबूत आहे, तर पट्टी त्या शाबूत फरशीवर टेकते. आता वायरमनचं मशीन कसं उभं होतं ते बघा. भिंतीला समांतर. चर असलाच तर तोही भिंतीला समांतर. म्हणजे एका बाजूची दोन्ही चाकं आणि त्यांच्यामधली पट्टी, तिन्ही एकाच चराच्या वर. जमीन बसली की चाकांबरोबर पट्टीही खाली जाते. ती टेकणार कशावर?

खाली असताना चक्कर मारणं चांगलंच, मीही मारतो. पण त्यावरून "भार घेते" म्हणू नका. रिकामं मशीन खाली असताना चाकामागे सरासरी ६०० किलो. वर दोन माणसं, प्लॅटफॉर्मचा सरकता डेक बाहेर काढलेला आणि केबलचा ओढा आला की हिशोब बदलतो. त्या पोरांनी आठ मीटरवर ४० किलोच्या जोराने आडवी केबल ओढली असं धरा. चाकांत अंतर एक मीटर. म्हणजे ३२० किलो भार एका बाजूवरून उचलून दुसऱ्या बाजूवर टाकला, नुसत्या हातांनी. चाकाजवळ स्टिकर असतं, त्यावर एका चाकाचा कमाल भार लिहिलेला असतो. जमीन त्या आकड्याला धरून बघायची, एकूण वजनाला चारने भागून नाही. आणि हा भार तळहाताएवढ्या रबरावर येतो, ट्रॅक्टरच्या टायरसारखा पसरत नाही.

सेन्सरबद्दलही एक सांगतो, कारण ह्यात भलेभले फसतात. तो कल मोजतो, जमीन मोजत नाही. पोकळीवर लटकलेली फरशी समतल असेपर्यंत तो शांत बसणार. तुमचं नशीब की तुमची फरशी हळूहळू बसली आणि त्याला बोलायला वेळ मिळाला. एकदम फुटली असती तर त्याचं बोलणं आणि मशीनचं पडणं एकाच वेळी झालं असतं.

चाळीसगावचा_फिटर

ते एकदम फुटणं मी बघितलंय. नाव-गाव सांगत नाही. जिनिंगच्या एका शेडमध्ये सहा मीटरवर वर असतानाच पोरगा मशीन पुढे घेत होता. वाटेत केबल चेंबरचं सिमेंटचं झाकण, वर धूळ आणि रुई पसरलेली, दिसतच नव्हतं. पुढचं चाक झाकणावर गेलं आणि झाकण कडकन तुटलं.

त्या मशीनला पट्ट्या होत्या बरं का पक्याभाऊ. पण एका बाजूची पट्टी वाळलेल्या सिमेंटने जाम झालेली, खाली यायचीच नाही. मग मशीन वर चालवू देत नव्हतं, म्हणून आधीच्या कुणीतरी तिथला स्विच तारेने बांधून ठेवलेला. महिनाभर तसंच चालू होतं.

पडताना आधी अगदी सावकाश झुकलं. आम्हाला वाटलं थांबेल. अर्ध्यावर आलं आणि मग एका दमात आडवं. पोरगा कठड्यातच होता, कठडा खांबावर आदळला, पाय दोन ठिकाणी मोडला. जिवंत आहे, आता दुकान चालवतो. त्याने बाहेर उडी मारली असती तर वरचा कठडा त्याच्याच अंगावर आला असता, म्हणून तुमच्या हेल्परला ते "उडी मार" बंद करायला सांगा.

दालमिल_अमळनेर

विषय निघालाच आहे तर माझंही विचारतो. मिलच्या बाहेर रस्त्याच्या बाजूला बोर्ड लावायचाय, १२ बाय ८ फुटांचा, ७ मीटरवर. हीच लिफ्ट बाहेर चालेल का? जमीन डांबरी आहे.

यार्डातला

स्टिकर वाचा. काही मशीन फक्त आत चालवायची असतात, वाऱ्याचा आकडा शून्य लिहिलेला असतो. बाहेर चालणाऱ्यांवर बहुधा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असतं, आणि माणसंही कमी, आत दोन तर बाहेर एकच. पण तो आकडा रिकाम्या मशीनसाठी आणि उभ्या माणसासाठी आहे. १२ बाय ८ चा बोर्ड हातात धरला की तुम्ही शीड लावलंत. बोर्ड क्रेनने वर द्या, लिफ्ट फक्त बोल्ट आवळायला.

आणि ज्या शेडला अजून बाजूचे पत्रे लागले नाहीत ती माझ्या हिशोबाने बाहेरच. मे महिन्यात आपल्याकडे वावटळ कशी उठते ते मी सांगायला नको.

दालमिल_अमळनेर

क्रेनचं भाडं लिफ्टपेक्षा जास्त आहे हो. बघतो.

भुसावळचा_वायरमन

आज सकाळचा रिपोर्ट देतो.

फळीची परीक्षा केली. दोन मीटरवर थांबून ओरडली, फळी काढल्यावर गप्प. सेन्सर ठणठणीत.

मग गवंड्याची पट्टी. मधल्या भागात एक मीटरला २-३ मिलिमीटर. सातव्या खांबापाशी भिंतीकडचं टोक उचलायला ८ मिलिमीटरची सळई, त्यावर १२ ची, वर अजून एक पत्र्याचा तुकडा लागला. २३ मिलिमीटर भरलं. म्हणजे मशीन नसताना २३, मशीनचं वजन आल्यावर २६ च्या वर जात असणार.

ताईंनी सांगितलेलं तिन्ही निघालं. भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर, साधारण दीड फूट रुंदीची फिकट पट्टी पहिल्या खांबापासून अकराव्यापर्यंत गेलीय. आम्ही तीन दिवस तिच्यावरच उभे होतो. सातव्या खांबाचा पन्हाळीचा पाइप अर्धवट, खालचा एल्बो बसवलेलाच नाही, पाणी थेट पायथ्याशी. हातोडीने ठोकत गेलो. मधल्या फरशीवर टणटण, फिकट पट्टीवर पाचव्या खांबापासून आठव्यापर्यंत बद्द आवाज, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा.

सुपरवायझर तरी मानेना. मग केबल ग्लँडसाठीचं कोअर मशीन होतं, त्याने एक भोक पाडून दाखवलं. काँक्रीट ९ सेंटिमीटर, त्याखाली माझी चार बोटं आडवी जातील एवढी पोकळी, आणि त्याखाली ओला मुरूम. भोकात टॉर्च मारून तो बराच वेळ बघत राहिला. बायपासचा विषय संपला.

आता पुढे काय? मला त्या ओळीत अजून चौदा लाइट लावायचेत.

सिव्हिलवाली_धुळे

पाचव्या ते आठव्यामध्ये फरशी फोडून चर उघडा, ओला भराव काढा आणि कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरा. मुरूम परत थरांनी भरायचा तर अरुंद चरात तो नीट दाबला जात नाही आणि भांडण पुन्हा पुढच्या पावसात. पण आधी तो पाइप जोडा. आणि ठोकून ज्या ठिकाणी टणटण आवाज आला तो भाग पक्का असं लगेच धरू नका. आवाजाने पोकळी कळते, सैल भराव कळत नाही. पहिल्या ते चौथ्या खांबामध्ये अजून पाणी गेलं नसेल, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. तिथे सळई ठोकून बघा किती सहज जाते.

बिनधास्त_पक्या

फोडाफोडी कशाला? १२ मिलिमीटरची प्लेट टाका, ४ बाय ८ फुटी, चरावर आडवी. भार पसरतो.

यार्डातला

एका जागी उभं राहून काम करायचं असेल तर प्लेट वाईट नाही, दोन्ही बाजूंना पक्क्या फरशीवर भरपूर टेकली पाहिजे. पण ती २८० किलोची, चौदा लाइटसाठी चौदा वेळा कोण सरकवणार? आणि वर असताना प्लेटच्या कडेवर चढू नका. खड्डा गार्डची पट्टी फरशीपासून दोनच सेंटिमीटरवर असते, प्लेटची कड जरा उचललेली असली तरी ती अडू शकते. दरवेळी पूर्ण खाली, मग चढ, मग वर.

सिव्हिलवाली_धुळे

प्लेटला माझा होकार नाही. टेकलेल्या बाजूची एक कड भिंत आणि चर यांच्यातल्या ६० सेंटिमीटरवर येणार, आणि पायथ्याशी पाणी पडून ती जागाही भिजलेली आहे.

यार्डातला

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग मशीन चराच्या आतल्या बाजूला, पक्क्या फरशीवर उभं करून डेक भिंतीकडे काढता येतो का बघा. पण या मशीनचा डेक पुढे निघतो, बाजूला नाही. म्हणजे मशीन भिंतीला काटकोनात उभं करावं लागेल आणि पुढची चाकं चरापासून मीटरभर तरी मागे. पोहोचतं का तुमचं?

चाळीसगावचा_फिटर

आणि पोरांना पट्टा लावून ट्रसला हुक करायला सांगा. पडलं तरी लटकतील.

यार्डातला

ट्रसला नको. मशीन हललं किंवा कुणी खालून उतरवलं तर माणूस कठड्यावरून बाहेर ओढला जाईल. मशीनवर पट्ट्याचा हुक दिलेला असेल तर तिथेच, आखूड दोरीने. सिझरमध्ये खरी राखण कठड्याची आणि फाटकाची.

चाळीसगावचा_फिटर

आमच्या साइटचा सेफ्टीवाला ट्रसलाच लावायला लावतो, नाही तर गेटवरून परत पाठवतो. मी त्या आडव्या पडलेल्या मशीनजवळ उभा होतो, माझं मत बदलणार नाही.

भुसावळचा_वायरमन

काटकोनात उभं करून बघितलं. डेक ९० सेंटिमीटर निघतो. पुढची चाकं चरापासून एक मीटर मागे ठेवली तर डेकचं टोक कसंबसं चराच्या वर येतं. लाइट भिंतीपासून दीड मीटरवर आहेत, हात पोहोचतो. ट्रे भिंतीला चिकटून आहे, तिथे नाही पोहोचत. म्हणून लाइट आता, ट्रेचं काम चर भरल्यावर. केबल आता वरून ओढत नाही, खालून पुली लावून जमिनीवरून ओढतो.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. काल यार्डवाल्या भाऊंच्या पोस्टनंतर हेल्परला विचारलं, वरचा माणूस बेशुद्ध पडला तर खाली कशी घेशील? त्याला माहीत नव्हतं. मलाही शोधावं लागलं. मशीनच्या मागच्या बाजूला लाल मुठीचा दांडा आहे, ओढून धरला की बॅटरी बंद असली तरी सावकाश खाली येते. आता सकाळी वर जायच्या आधी हेल्परच तो एकदा ओढून बघतो. त्यानंतर दोन मीटर वर घेऊन दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पूर्ण खाली आल्यात का ते वाकून बघतो, काठीने वर ढकलून. आज डावी पट्टी थोडी अडत होती, सांध्यात सिमेंटचा गोळा होता. मशीन खाली घेतलं, बंद केलं आणि छिन्नीने काढला.

यार्डातला

मशीन खाली घेतलंत ते बरं केलंत. कात्रीत हात घालायची वेळ आलीच तर कात्री रोखून धरणारा सेफ्टी आर्म लावल्याशिवाय नको, रिकामं असलं तरी.

खान्देशी_आप्पा

चर भरायचे पैसे कोण देस मग?

भुसावळचा_वायरमन

तेच तर चाललंय आप्पा. मालक म्हणतो फरशीवाला, फरशीवाला म्हणतो चर खोदणारा, चर खोदणारा म्हणतो पाइप लावला नाही तो पत्रेवाला. मशीनचं भाडं रोज माझ्या नावावर चढतंय. एल्बो मी स्वतः दोनशे रुपयांचा आणून लावला, रात्री पुन्हा पाऊस आहे म्हणतात.